फेब्रुवारीत शंभर रुपये जास्त का?

प्रश्न : पुण्यात पहिली नोकरी, पगार १८,००० रुपये. आयकर लागत नाही, तरी दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले. सोबतच्या मुलीचे काहीच नाहीत. चूक झाली का? – एक वाचक

उत्तर : नाही, कपात बरोबर आहे. हा आयकर नव्हे, राज्याचा व्यवसायकर आहे. आयकर विवरणपत्र भरले म्हणून तो परत मिळत नाही. महाराष्ट्रात पुरुषांना ७,५०० रुपयांपर्यंत माफी, १०,००० पर्यंत १७५, त्यापुढे २०० रुपये. अकरा महिन्यांचे २,२०० आणि फेब्रुवारीचे ३०० मिळून वर्षाची २,५०० ही कमाल मर्यादा गाठली जाते. स्त्रियांना २५,००० रुपयांपर्यंत माफी आहे.

कर मालकच कापून भरतो. पगारचिठ्ठ्या जपा आणि वर्षअखेरच्या फॉर्म १६ मधील आकड्याशी ताडून पाहा. फॉर्म मिळाला नाही, तर कपातीचा दाखला लेखी मागा. व्यवसायकराची वजावट आयकराच्या फक्त जुन्या करप्रणालीत मिळते.