‘शेवटचं बोलणं’ हाताने लिहू नका

प्रश्न : आईकडे एक वही होती. कोणाचा वाढदिवस कधी, कोणाला कशासाठी फोन करायचाय, सगळं तिच्यात असायचं. दर जानेवारीत नवी दिनदर्शिका आली की वहीतले वाढदिवस ती त्यावर उतरवायची. आता ते काम माझ्याकडे आलंय. मी गूगल शीट्समध्ये तक्ता केला : नाव, जन्मतारीख, शेवटचं बोलणं, पुढचा फोन. पण दर वेळी जुनी तारीख पुसून नवी लिहिते, त्यामुळे आधी काय बोलणं झालं होतं ते जातं. काही वाढदिवस तर भलत्याच महिन्यात दिसतात. चुकतंय कुठे?

उत्तर : तुमच्या तक्त्यात दोन वह्या एकात शिवल्या गेल्या आहेत. माणूस एकदाच लिहायचा असतो, बोलणं मात्र दर वेळी नव्याने. म्हणून एकाच फाइलमध्ये दोन पानं करा. पहिल्याचं नाव ‘लोक’, दुसऱ्याचं ‘बोलणी’.

‘बोलणी’मध्ये चारच रकाने : A तारीख, B नाव, C काय बोललो ते एका ओळीत, D ‘पुन्हा कधी’. हा चौथा रकाना बहुतेक वेळा रिकामाच राहील. ‘अमुक तारखेला फोन करते’ असा शब्द दिला असेल तेव्हाच तो भरायचा. या पानावर काही पुसायचं नाही, खाली खाली लिहीत जायचं.

‘लोक’मध्ये A नाव, B नातं, C जन्मतारीख आणि D किती दिवसांनी बोलायचं, एवढंच तुम्ही भरायचं. पुढचे चार रकाने तक्ता स्वतः भरेल. E शेवटचं बोलणं, F शब्द दिलेली तारीख, G पुढचा फोन, H पुढचा वाढदिवस. E2 ते H2 या चार घरांत क्रमाने ही सूत्रं घाला आणि खाली ओढा :

```
=MAXIFS('बोलणी'!A:A,'बोलणी'!B:B,A2)
=MAXIFS('बोलणी'!D:D,'बोलणी'!B:B,A2)
=IF(F2>E2,F2,E2+D2)
=IF(C2="","",EDATE(C2,12*(DATEDIF(C2,TODAY()-1,"Y")+1)))
```

पहिली दोन सूत्रं ‘बोलणी’मध्ये त्या नावापुढची सर्वांत अलीकडची तारीख शोधतात. खरं काम तिसरं करतं. समजा, मावशीशी महिन्यातून एकदा बोलायचं म्हणून D मध्ये ३० लिहिलंय. ३ ऑगस्टला ती म्हणाली, ‘१९ला गुडघ्याचं ऑपरेशन आहे.’ तुम्ही म्हणालात, ‘२२ला फोन करते.’ ‘पुन्हा कधी’मध्ये २२ ऑगस्ट लिहिलंत. १० तारखेला तिचाच फोन आला, लोणच्याच्या मसाल्याचं प्रमाण विचारायला. तीही नोंद झाली, पण पुढची तारीख काही ठरली नाही. तुमच्या जुन्या तक्त्यात इथेच घोटाळा झाला असता. शेवटचं बोलणं १० ऑगस्ट, त्यात ३० दिवस मिळवले की ९ सप्टेंबर, आणि ऑपरेशन राहिलं बाजूला. नव्या तक्त्यात २२ ही तारीख १०च्या पुढची आहे, म्हणून दिलेला शब्द कायम राहतो. २२ला बोलून ती नोंद केलीत की तो आपोआप फिटतो आणि पुढचा फोन २१ सप्टेंबरला सरकतो. फोन करायचा राहिला, तर तारीख मागे पडलेली तशीच दिसत राहते.

एक मर्यादा लक्षात असू द्या. एकाच माणसाला दोन तारखा दिल्या असतील तर हे सूत्र लांबची तारीख धरतं. जवळची आधी हवी असेल, तर लांबची ‘काय बोललो’च्या ओळीत लिहून ठेवा आणि पहिली फिटली की चौथ्या रकान्यात आणा.

E ते H या रकान्यांना Format → Number → Date लावा. नाहीतर तारखेऐवजी ४६००० असा काहीतरी आकडा दिसेल. तो चुकीचा नसतो. तक्ता ३० डिसेंबर १८९९ हा शून्यावा दिवस धरून दिवस मोजतो, आणि ४६०००वा दिवस म्हणजे ९ डिसेंबर २०२५. म्हणूनच तारखेत नुसते ३० मिळवले तरी चालतं. याच कारणाने F मध्ये शब्द दिलेला नसेल तिथे 30/12/1899 दिसेल. ते शून्य आहे, रकाना लपवून टाका. पण ज्याच्याशी नक्की बोललात त्याच्या E मध्ये ही तारीख दिसली, तर दोन पानांवरची नावं जुळत नाहीत असं समजा. एकीकडे ‘मावशी’, दुसरीकडे ‘मावशी’च्या मागे एक मोकळी जागा, एवढंही पुरतं. त्यावर उपाय म्हणजे ‘बोलणी’तलं नाव टाइप न करता निवडायचं. B रकाना निवडून Data → Data validation मध्ये Dropdown (from a range) घ्या आणि ‘लोक’चा A रकाना दाखवा.

आता भलत्या महिन्यातले वाढदिवस. तुमची फाइल बहुधा अमेरिकी पद्धतीवर असणार, म्हणजे महिना आधी, दिवस नंतर. तिथे 25/12/1958 लिहिलंत तर पंचविसावा महिना नसतो, म्हणून तक्ता ते नुसतं अक्षर समजतो आणि घराच्या डाव्या कडेला चिकटवतो. ही चूक निदान दिसते. पण 05/03/1958 हा तुमचा ५ मार्च तो निमूटपणे ३ मे म्हणून घेतो, उजव्या कडेला शहाण्यासारखा बसवतो, आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. File → Settings → Locale मध्ये India निवडा. मात्र त्याने आधी चुकीच्या घेतलेल्या तारखा सुधारत नाहीत. ज्यांचा दिवस बारा किंवा त्याहून कमी आहे, तेवढ्या जन्मतारखा वहीतून पुन्हा भरा. डावीकडे चिकटलेल्याही पुन्हा टाइप करा.

रोज सकाळी बघायला सोपं जावं म्हणून Conditional formatting मध्ये Custom formula घेऊन G रकान्याला G2 पासून खाली पहिली आणि H रकान्याला H2 पासून खाली दुसरी अट लावा. फोनची तारीख आली की आणि वाढदिवस आठवड्यावर आला की घर रंगेल.

```
=AND($A2<>"",$G2<=TODAY())
=AND($H2>=TODAY(),$H2<=TODAY()+7)
```

तक्ता उघडला नाहीत तर मात्र तो हाक मारणार नाही. अगदी चुकू नयेत असे चार-पाच वाढदिवस गूगल कॉन्टॅक्ट्समध्येही भरा, ते गूगल कॅलेंडरमध्ये आपोआप दिसतात. आणि ऑपरेशन, पैशांची अडचण अशा गोष्टी या पानावर येणार, तेव्हा फाइलची लिंक सगळ्यांना खुली ठेवू नका.

राहता राहिले आपल्याकडचे दोन खास वाढदिवस. वडीलधाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची जन्मतारीख १ जून निघेल. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहून टाकलेली तारीख ती. खरी कळली तर तीच भरा. साल माहीत नसेल तर १९०४ घाला, म्हणजे ते खोटं आहे हे बघताक्षणी कळेल. दुसरे तिथीवाले. एखाद्या आजोबांचा वाढदिवस रामनवमीला असेल, तर तो २०२३ साली ३० मार्चला आला, २०२४ला १७ एप्रिलला आणि २०२५ला ६ एप्रिलला. वरचं सूत्र इथे उपयोगाचं नाही. अशांचा C रिकामा ठेवा, H मधलं सूत्र पुसा आणि त्या वर्षीची तारीख दिनदर्शिकेत बघून हाताने लिहा. तेवढ्या दोन-चार नावांपुरतं, दर जानेवारीत, आईचं काम आईच्याच पद्धतीने करावं लागेल.