राइस मिलच्या सॉफ्टवेअरमधली चूक : कोणत्या टप्प्यावर कोणाच्या खिशाला चाट?

गोंदिया जिल्ह्यातल्या अनेक राइस मिल सरकारी धानाची भरडाई करतात. धान किती आला, तांदूळ किती जमा करायचा आणि बारदाना किती उरला, हा हिशोब आता सॉफ्टवेअरवर असतो. त्यात चूक निघाली की कंपनी तक्रारीला नंबर देते. पुढे ‘न्यू’पासून ‘क्लोज्ड’पर्यंत त्या नंबरची अवस्था बदलत जाते. ती कोणी बदलली यावरून दुरुस्तीचे पैसे कोणी द्यायचे, हे बरेचदा ठरते.

एक उदाहरण

समजा, धानाच्या तीन गाड्या आल्या, प्रत्येकी २१५.५० क्विंटलच्या. अरवा तांदळाचा उतारा ६७ टक्के. एकूण ६४६.५० क्विंटल धानाचा तांदूळ ४३३.१५५ क्विंटल व्हायला हवा. सॉफ्टवेअर मात्र ४३५ दाखवते, कारण ते प्रत्येक गाडीचे १४४.३८५ वरच्या पूर्णांकात नेऊन १४५ करते आणि मग बेरीज घेते. मिलच्या नावावर १८४ किलो ५०० ग्रॅम तांदूळ जास्तीचा चढतो.

न्यू ते फिक्स्ड

तक्रार मिलचा मुनीम नोंदवतो, तेव्हा ती ‘न्यू’ असते. कंपनीचा टेस्टर किंवा सपोर्टवाला तेच आकडे भरून चूक पडताळतो. प्रोजेक्ट मॅनेजर तातडी ठरवून ती डेव्हलपरकडे देतो, ती ‘असाइन्ड’. डेव्हलपर काम हाती घेतो तेव्हा ‘ओपन’, दुरुस्ती झाली की ‘फिक्स्ड’. मागितले तसेच काम होते आहे असे कंपनीला वाटले, तर ती तक्रार ‘रिजेक्टेड’ करते. तेव्हा कारण लेखी मागा, कारण त्यानंतरचा बदल नवे काम म्हणून बिलात लागतो.

क्लोज्ड

‘फिक्स्ड’ म्हणजे डेव्हलपरच्या मते काम झाले, इतकेच. टेस्टर पुन्हा तपासून ‘व्हेरिफाइड’ करतो. त्यानंतर ‘क्लोज्ड’ करण्याचा अधिकार तक्रारदाराकडे असावा. मुनिमाने त्याच तीन गाड्यांचे आकडे भरून ४३३.१५५ येते का, हे पाहावे आणि मगच होकार द्यावा. ‘सात दिवसांत उत्तर न आल्यास तक्रार आपोआप बंद’ असे कलम करारात असेल, तर धान खरेदीच्या घाईत दुरुस्ती न तपासताच नंबर बंद होतो.

रीओपन : वादाची जागा

अरव्याचा हिशोब जुळला, पण उकडा तांदळाचा उतारा ६८ टक्के. तीच तीन गाड्या उकड्याला लावल्या तर ४३९.६२ क्विंटलऐवजी ४४१ येतात. म्हणजे डेव्हलपरने एकाच ठिकाणची चूक काढली. मुनीम तक्रार ‘रीओपन’ करतो. कंपनी म्हणते, ही वेगळी तक्रार. वॉरंटी संपलेली असेल, तर समजा ताशी ८०० रुपयांनी चार तासांचे ३,२०० आणि १८ टक्के जीएसटी धरून ३,७७६ रुपयांचे बिल येते.

अशा वेळी पहिल्या तक्रारीतले शब्द कामाला येतात. ‘अरव्याचा आकडा चुकतो’ एवढेच लिहिले असेल, तर कंपनीची बाजू बळकट. ‘गाडीनिहाय पूर्णांक केल्यामुळे एकूण तांदूळ जास्त दिसतो’ असे लिहिले असेल, तर उकडाही त्यातच आला आणि जुनाच नंबर उघडतो. म्हणून तक्रारीत भरलेले आकडे, आलेले उत्तर, अपेक्षित उत्तर आणि चूक कुठेकुठे दिसते, हे सगळे लिहा.

डिफर्ड : आज फुकट, उद्या बिल

पावतीवर गावाचे लांब नाव अर्धेच छापले जाते, अशी चूक पुढच्या आवृत्तीत काढू असे म्हणून मॅनेजर ‘डिफर्ड’ करतो. हंगामात ते मान्य करायला हरकत नाही. जोखीम मात्र वॉरंटीची. पुढची आवृत्ती वॉरंटीनंतर आली, तर ती मिळवण्यासाठी वार्षिक देखभाल करार करावा लागू शकतो. साठ हजारांच्या सॉफ्टवेअरवर १८ टक्के दर धरला तर १०,८०० रुपये, जीएसटीसह १२,७४४. म्हणून ‘डिफर्ड’ला होकार देताना तारीख लिहून घ्या आणि ‘वॉरंटीत नोंदवलेली चूक नंतर काढली तरी विनामूल्य’ ही ओळ ईमेलवर मिळवा. पैशांचा किंवा वजनाचा हिशोब चुकवणारी तक्रार मात्र पुढे ढकलू देऊ नका.

सही करण्याआधी

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार व्यापारी हेतूने सेवा घेणारा ‘ग्राहक’ या व्याख्येत बसत नाही. अपवाद आहे तो केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूंचा. मोठ्या मिलला ग्राहक आयोगाचा आधार मिळेलच असे नाही, म्हणून करारात तीन कलमे घालून घ्या : ‘क्लोज्ड’ फक्त तक्रारदार करेल; त्याच कारणाची चूक पुन्हा दिसल्यास ‘रीओपन’ विनामूल्य; आणि ‘डिफर्ड’ला दोघांची लेखी संमती. तक्रारींचा संपूर्ण इतिहास, कोणी कधी अवस्था बदलली त्यासह, दर महिन्याला डाउनलोड करून ठेवा. कंपनीशी वाद झाला तर तोच तुमचा पुरावा.