शब्दांची हाउझी

इंग्रजीच्या वर्गात कोणी शब्द वाचतो, तर कोणाला अजून अक्षरही लागत नाही. दोघांना मिळून एकच खेळ कसा द्यावा? त्याची रीत पाहू.

प्रथम १२ शब्द घ्या: मिल्क, मँगो, सॉल्ट, शुगर, बस, बुक, टी, राइस, डोअर, लॅम्प, काउ, हेन. प्रत्येकाची एक चिठ्ठी करा.

मग पुठ्ठ्याची पाने कापा. प्रत्येक पानावर ९ घरे आखा. १२ पैकी ९ शब्द घाला, ३ वगळा. दर पानावर शब्द आणि जागा बदला. पाने सारखी झाली, तर सगळे एकदमच जिंकतात.

नवशिक्याच्या घरांत चित्रे काढा. वाचणाऱ्याच्या घरांत इंग्रजी शब्द लिहा. हाक मात्र एकच: "मिल्क!" एक जण दुधाचे चित्र शोधतो, दुसरा अक्षरे शोधतो. सापडले की घरावर चिंचोका ठेवावा. एका ओळीत ३ चिंचोके आले की डाव जिंकला. चिठ्ठी कोणती निघेल हे कोणाच्या हाती नाही. म्हणून हुशार गडीच दर वेळी जिंकत नाही.

वाचणारा पुष्कळदा पहिले अक्षर बघूनच अंदाज बांधतो. सॉल्ट आणि शुगर इंग्रजीत एकाच अक्षराने सुरू होतात. अशा जोड्या घातल्या, म्हणजे त्याला पुरा शब्द वाचावा लागतो.

जिंकणाऱ्याने चिंचोके उचलून तिन्ही शब्द इंग्रजीत म्हणावेत. "दूध" म्हटले, तर ते घर धरू नये.

पुढच्या आठवड्यात चित्राखाली शब्द लिहा. मग हळूहळू चित्र झाका. या खेळाने शब्द ओळखू येतो. वाक्य बोलायला मात्र निराळा सराव हवा.