क्रियापदाला काम द्या

आठवीच्या एका निबंधातील पुढील वाक्य पाहा :

'वर्गनायकाने नकाशांची तपासणी केली, फाटक्या नकाशांची निवड केली व त्यांची दुरुस्ती करण्याचा निर्णय घेतला. उरलेल्या नकाशांचे वर्गांना वाटप करण्यात आले.'

व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे. परंतु त्यातील क्रियापदे तेवढी वेचून काढा : केली, केली, घेतला, करण्यात आले. एवढ्यावरून वर्गनायकाने काय केले, हे कोणास सांगता येईल काय? खरी कामे तपासणी, निवड, निर्णय आणि वाटप या नामांत जाऊन बसली आहेत, आणि क्रियापद रिकाम्या हाताने उभे आहे.

आता तीच हकीकत अशी लिहू : 'वर्गनायकाने नकाशे तपासले, फाटके निवडले व ते दुरुस्त करावयाचे ठरविले. उरलेले आम्ही वर्गांना वाटले.'

काय बदलले? पहिल्या वाक्यात 'केली' हे क्रियापद 'तपासणी' या नामाप्रमाणे चालते. नकाशांना षष्ठी लागून ते एक पाऊल मागे सरतात. दुसऱ्यात 'नकाशे' हेच कर्म, आणि 'तपासले' हे क्रियापद त्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. म्हणून सुधारताना नुसता शब्द बदलून भागत नाही. 'नकाशांची तपासले' असे होऊ नये म्हणून षष्ठीही काढावी लागते. 'वाटप करण्यात आले' यात तर वाटणारा कोण, हेच लपले होते. 'वाटले' असे लिहू लागताच कर्ता सांगणे भाग पडले, आणि निबंध लिहिणाराही त्या कामात होता असे कळले!

याच रीतीने 'विक्री केली' याचे 'विकले' व 'स्वीकार केला' याचे 'स्वीकारले' होते. पण प्रत्येक जोडी मोडू नये. 'विचार करणे' मोडून 'विचारणे' केले, तर मनन जाऊन प्रश्न उरतो. 'गुरुजींनी विचार केला' आणि 'गुरुजींनी विचारले' यांतला भेद वर्गात मागे बसणाऱ्यांस चांगलाच ठाऊक असतो. 'पाहणी करणे' म्हणजे नुसते 'पाहणे' नव्हे. त्यात बारकाईने, हेतू धरून पाहणे येते. 'मदत करणे' याला तर बोलीत रुळलेले, नेमके त्याच अर्थाचे एकेरी क्रियापद नाही. तेथे जोडीच ठेवावी.

नामाला महत्त्वाचे विशेषण असेल तेव्हाही थोडे थांबावे. 'पंचांनी एकमताने निर्णय दिला' याचे 'पंचांनी एकमताने ठरविले' होईल. पण 'पंचांनी लेखी निर्णय दिला' यातील 'लेखी' हा शब्द 'ठरविले' याला जोडता येत नाही, आणि निर्णय कागदावर उतरला होता ही गोष्ट तर गाळता येत नाही. शिवाय ठरविणे मनातल्या मनातही होते; निर्णय द्यावयाचा तो दुसऱ्यास.