तारीख लिहा, आजार लिहू नका

१. रायपूरच्या समता कॉलनीतल्या आमच्या ऑफिसात हिशेब पाहणारा एक सहकारी दार लोटून बसला आणि म्हणाला, "सर, मला बायपोलर आहे. नव्या गोळ्यांनी सकाळी जागच येत नाही." अशा वेळी एवढंच म्हणावं, "सांगितलंस, बरं केलंस. कामात कुठे अडतंय?" कधीपासून, कशामुळे, घरात आणखी कुणाला आहे का, हे विचारू नये. अडचण कळली की वेळ बदलता येते. त्यासाठी आजाराचा इतिहास लागत नाही.

२. जेवढं पाळता येईल तेवढंच वचन द्यावं. वेळ बदलायची तर एचआरला कळवावं लागतंच. म्हणून मी सांगितलं, "एचआरला फक्त वेळेतला बदल कळेल. आजाराचं नाव तुला विचारल्याशिवाय कुणाला सांगणार नाही. जिवाला धोका दिसला, तर मात्र मदत बोलावेन, आणि शक्यतो तुला सांगून." टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर त्याला तेव्हाच दिला.

३. नोंद त्याच दिवशी, त्याच्यासमोर केली: "प्रकृतीच्या कारणाने कामाच्या वेळेत बदल मागितला. सहा आठवडे ११ ते ७ मान्य. त्यानंतर दोघे बसून आढावा." खाली तारीख आणि दोघांच्या सह्या. निदान नाही, गोळ्यांची नावं नाहीत, "खचलेला दिसतो" असला शेराही नाही. तो वाचून सही करू शकणार नाही असं वाक्य नोंदीत नसावं.

४. गुपित फुटतं ते बहुधा कागदातून. सर्टिफिकेटवर आजार लिहिलेला नसला, तरी लेटरहेडवर "मानसोपचारतज्ज्ञ" असतंच. ते हजेरीच्या फाइलला लावू नये. पाहून बंद पाकिटात एचआरच्या कुलपात ठेवावं. व्हॉट्सॲपवर फोटो तर मागवूच नये. रजेच्या तक्त्यात "वैद्यकीय रजा" पुरे.

५. बाकीचे विचारतातच, "हा अकराला कसा येतो?" उत्तर एकच: "त्याची वेळ मी ठरवून दिली आहे." रायपूरची मराठी मंडळी थोडी. शेजारच्या चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळात त्याच्या घरचे भेटतात, तिथे "आता बरा आहे ना?" हा मायेचा प्रश्नसुद्धा मी टाळतो. त्याने घरी काय सांगितलंय, ते मला ठाऊक नसतं.

६. नोंदीतली तारीख खरी कामाला येते ती मेमो काढताना. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत मानसिक आजार आहे. रविंदर कुमार धारीवाल या सीआरपीएफ अधिकाऱ्याच्या प्रकरणात २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं, की मानसिक दिव्यांगत्व असलेल्यावर शिस्तभंगाची कारवाई सुरू करणं हाही अप्रत्यक्ष भेदभाव ठरू शकतो. म्हणून उशिराच्या मेमोवर सही करण्याआधी तारखा ताडून पाहाव्यात. सांगितल्यानंतरचे, सवलतीतले दिवस त्यात धरले असतील तर ते वगळायला लावावेत. आधीच्या उशिरांमागेही हाच आजार होता का, ते त्याला एकट्याला बोलावून विचारावं आणि मगच मेमोचं ठरवावं.