पॅडिंग्टन ते किंग्ज क्रॉस: मधला तास

रेडिंगमध्ये स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांकडे नव्याने आलेले लोक हमखास विचारतात, की यॉर्कला किंवा एडिनबर्गला जायचं तर लंडनमध्ये गाडी कशी बदलायची. मुंबईत सीएसएमटीची गाडी वेगळी आणि कुर्ल्याच्या टर्मिनसची वेगळी, तसंच इथेही आहे. रेडिंगची जलद गाडी पॅडिंग्टनला संपते आणि उत्तरेकडची किंग्ज क्रॉसहून सुटते. दोन्हींच्या मध्ये भुयारी रेल्वेची चार स्थानकं लागतात. नकाशावर हे अंतर किरकोळ दिसतं. त्यामुळेच अनेक जण मध्ये अर्धाच तास ठेवतात, आणि सामान-मुलांसह तो पुरत नाही.

जुन्या लोकांचा हिशेब असा. समजा, गाडी साडेदहाला पॅडिंग्टनला लागली. मागच्या डब्यातून बॅगा उतरवून, लांबलचक फलाट चालून भुयारी रेल्वेच्या फाटकापर्यंत पोचायला आठ-दहा मिनिटं. गाडीची वाट पाहण्यात पाच, प्रवासात बारा. किंग्ज क्रॉसला खालून वर मुख्य दालनात यायला आणखी आठ. म्हणजे सगळं सुरळीत असतानाच अकरा वाजून पाच मिनिटं झालेली असतात. पुढच्या गाडीची दारं सुटण्याच्या वेळेच्या थोडी आधीच बंद होतात, त्यामुळे फलाटावर दहा मिनिटं तरी आधी असायला हवं. यात पहिल्या गाडीच्या उशिराचा एक मिनिटही धरलेलं नाही. म्हणून एकट्या माणसाने तासभर आणि बाबागाडी, मोठ्या बॅगा किंवा भारतातून आलेले आईवडील सोबत असतील तर सव्वा तास ठेवावा. वरच्या उदाहरणात पावणेबाराची गाडी घ्यावी, अकरा-दहाची नको.

वेळ सर्वांत जास्त जातो तो पॅडिंग्टनमध्ये, कारण इथे सर्कल लाइन दोन ठिकाणी लागते. एक ठिकाण प्रेड स्ट्रीटच्या बाजूला आणि दुसरं थेट स्थानकाच्या उत्तर टोकाला, फलाट १५ आणि १६ वर. प्रेड स्ट्रीटच्या बाजूने पूर्वेकडे जाणारी सर्कलची गाडी एजवेअर रोडला संपते. २००९ मध्ये सर्कल लाइनचं बंद वर्तुळ मोडलं तेव्हापासून ती तशीच धावते. तिथे उतरून पायऱ्यांनी फलाट बदलायचा आणि पुन्हा वाट पाहायची, म्हणजे जड बॅगवाल्यांचे हाल. त्यामुळे नवख्याने हॅमरस्मिथ अँड सिटी लाइनच्या पाट्या धरून १५-१६ कडेच जावं आणि बार्किंग किंवा लिव्हरपूल स्ट्रीटच्या दिशेची गाडी पकडावी. मधे बदल नाही आणि तिथे लिफ्टही आहे.

तिकीट मात्र रेडिंग ते यॉर्क असं एकच काढावं. त्यावर † अशी खूण असेल तर लंडनमधला भुयारी प्रवास त्याच तिकिटात येतो आणि वेगळे पैसे पडत नाहीत. २०५ क्रमांकाची बसही पॅडिंग्टनहून किंग्ज क्रॉसला जाते, पण ती या तिकिटात येत नाही, आणि लंडनच्या बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेत नाहीत. फाटकातून तिकीट परत बाहेर येतं, ते न विसरता घ्यावं. पुढचा प्रवास त्यावरच आहे.

एकाच प्रवासाचं तिकीट घेण्याचं खरं कारण वेगळं आहे. रेडिंगची गाडी उशिरा आली आणि ठरलेल्या गाडीचं स्वस्त, त्याच गाडीपुरतं तिकीट वाया जाईल असं वाटलं, तरी रेल्वेच्या वेळापत्रकाने दिलेली किमान बदलाची वेळ आपण ठेवली असेल तर पुढच्या गाडीने जायची मुभा मागता येते. किंग्ज क्रॉसला आधी त्या कंपनीच्या कर्मचाऱ्याला विचारावं आणि मगच गाडीत बसावं. स्वतःच्या मनाने मध्ये वीस मिनिटं ठेवणाऱ्याची बाजू मात्र कमकुवत पडते.

शनिवार-रविवारी आणखी एक गोष्ट पाहावी लागते. भुयारी रेल्वेच्या दुरुस्त्या बहुधा याच दिवशी निघतात आणि सर्कल, हॅमरस्मिथ अँड सिटी या दोन्ही लाइन एकत्र बंद असू शकतात, कारण या टप्प्यात त्यांचा रूळ एकच आहे. शुक्रवारी संध्याकाळी लंडन वाहतुकीच्या संकेतस्थळावर पाहून ठेवावं. तसं असेल तर पॅडिंग्टनहून एलिझाबेथ लाइनने फॅरिंग्डनला जाऊन तिथून थेम्सलिंकने सेंट पॅन्क्रसला पोचता येतं. किंग्ज क्रॉस तिथून रस्त्यापलीकडे आहे. या मार्गाला वरच्या हिशेबात दहा-पंधरा मिनिटं आणखी धरावीत.

परतीला किंग्ज क्रॉसच्या फलाटावर पश्चिमेकडे जाणाऱ्या मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाड्याही येतात. त्या बेकर स्ट्रीटनंतर वायव्येला वळतात, पॅडिंग्टनला जात नाहीत. गाडीच्या तोंडावर हॅमरस्मिथ लिहिलेलं असेल, तीच घ्यावी.