झोपेत थांबणारा श्वास : दोष घशाचा की हृदयाचा?

झोपलेल्या माणसाचा श्वास मध्येच थांबला, की घरची माणसे घाबरतात. तो का थांबला हे समजण्यास कानांपेक्षा डोळे अधिक उपयोगी पडतात. श्वास थांबलेला असताना छाती व पोट हलते आहे काय, हे प्रथम पाहावे.

छाती-पोट धडपडत आहे, पण नाकातोंडातून हवा जात नाही, असे दिसले तर अडथळा घशात असतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून वाट मिटते. असा माणूस मोठ्याने घोरतो, मग आवाज एकाएकी बंद होतो आणि शेवटी गुदमरल्यासारखा श्वास घेऊन तो पुन्हा घोरू लागतो.

दुसऱ्या प्रकारात छाती-पोट शांत असते. वाट मोकळी असूनही मेंदूकडून श्वासाची आज्ञाच येत नाही. डब्लिनचे डॉक्टर जॉन चेन यांनी १८१८ साली अशा एका साठ वर्षांच्या हृदयरोग्याचे वर्णन लिहिले. त्याचा श्वास पाव मिनिट पूर्ण थांबे. मग मंदपणे सुरू होऊन हळूहळू खोल व जलद होई, आणि तसाच ओसरत पुन्हा थांबे. हे आवर्तन सुमारे एका मिनिटाचे होते व त्यात तीसेक श्वास येत. १८५४ साली विल्यम स्टोक्स यांनी त्याचा हृदयरोगाशी संबंध दाखविला.

ही भरती-ओहोटी का होते? न्हाणीघरापासून बंब दूर असला, की आपण नळ फिरवतो, पण पाणी लगेच तापत नाही. आपण आणखी फिरवतो आणि मग एकदम कढत पाणी येते. दुर्बल हृदयाचेही असेच होते. फुप्फुसांत रक्त तुंबल्याने रोगी मुळातच जास्त श्वास घेतो व रक्तातील कार्बन डायऑक्साइड वायू कमी होतो. झोपेत तो ठराविक मर्यादेखाली गेला, की मेंदू श्वास थांबवतो. मग वायू साचू लागतो. परंतु रक्त सावकाश वाहत असल्याने ही वार्ता मेंदूला उशिरा पोचते. तोवर साठा फार झालेला असतो, म्हणून श्वास अवाजवी वाढतो व वायू पुन्हा कमी पडतो. रोग्याची झोप बहुधा या चढत्या श्वासाच्या शिखरावर मोडते.

दोन्ही प्रकार एकाच माणसात असू शकतात. म्हणून छाती-पोटाला पट्टे बांधून रात्रभर केलेली निद्रातपासणीच निर्णय देते. घशाच्या दोषावर मुखवट्यातून दाबाने हवा देतात. हृदयाच्या दोषात मात्र प्रथम हृदयावर उपचार करावा लागतो. प्रत्येक श्वासाप्रमाणे आपला दाब बदलणारे एक यंत्र अशा रोग्यांना देऊन पाहिले गेले. त्या चाचणीचा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला : ज्यांच्या हृदयाची रक्त ढकलण्याची शक्ती क्षीण होती, त्यांचे श्वासखंड कमी झाले, पण हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढले. म्हणून शेजाऱ्याला मानवलेले यंत्र आपल्या रोग्याला परस्पर लावू नये.